हरवलेला फोन आणि मागे उरलेली प्रत

पेण आणि रोहे यांच्या दरम्यान, मुंबई–गोवा महामार्गाच्या व लोहमार्गाच्या लगत कासू हे गाव आहे. समजा, त्या परिसरातील एका प्राथमिक शाळेचे शिक्षक दि. १४ जुलै रोजी शाळा सुटल्यावर कासू स्थानकावरून रोह्याच्या गाडीत बसले. नागोठणे मागे पडल्यावर त्यांनी खिशात हात घातला, तो फोन नाही. गर्दीत पडला की कोणी काढून घेतला, हे कळावयास मार्ग नव्हता.

त्या फोनमध्ये काय होते, याचा विचार करावा. गुरुजींकडे इयत्ता चौथीचा वर्ग होता व पटावर ३२ मुले होती. शिष्यवृत्तीच्या कामासाठी त्यांनी प्रत्येक मुलाच्या आधारपत्राचे एक व बँकेच्या पासबुकाचे एक, अशी ६४ छायाचित्रे फोनवर काढली होती. काही पालकांनी हीच कागदपत्रे व्हॉट्सॲपवर पाठविली होती. शिवाय बँकेचे संदेश, पालकांचे दूरध्वनी क्रमांक, घरची छायाचित्रे, असे सर्व काही त्यात होते.

गुरुजींनी रूढीप्रमाणे सर्व केले. सिमकार्ड बंद करविले, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविली, आणि केंद्र शासनाच्या संचारसाथी संकेतस्थळावर त्या फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो फोन जाळ्यावर चालू नये अशी व्यवस्था केली. आठ दिवसांनी नवा फोन घेतला व त्यात आपले जुने गुगल खाते उघडले. पाहतात तो सर्व ६४ छायाचित्रे पुन्हा डोळ्यांपुढे उभी! प्रथम त्यांना आनंद झाला. नंतर मनात प्रश्न आला, की फोन तर गेला. मग ही छायाचित्रे होती कोठे, आणि यापुढे ती तेथे किती काळ राहणार?

या प्रश्नाचे उत्तर, आणि मागे उरलेली ती प्रत योग्य क्रमाने कशी पुसावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. बहुसंख्य शिक्षकांकडे अँड्रॉइड जातीचा फोन असल्यामुळे विवेचन त्यालाच अनुसरून केले आहे.

स्थळप्रत कोठे असते?

शाळेतून मासिक पत्रक वरिष्ठ कार्यालयाकडे जाते, तेव्हा त्याची स्थळप्रत शाळेच्या नस्तीत राहते. वाटेत पत्रक गहाळ झाले, तरी स्थळप्रतीला धक्का लागत नाही. क्लाउडवरील बॅकअप म्हणजे फोनमधील माहितीची अशीच एक स्थळप्रत होय. फरक एवढाच, की ती शाळेच्या कपाटात नसून कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर, आपल्या खात्याच्या नावे ठेवलेली असते. फोन वायफायला जोडलेला असता, बहुधा रात्रीच्या वेळी, ही प्रत आपोआप नवी होत राहते. त्यामुळे ती आहे हे मालकाच्या ध्यानातही राहत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सिमकार्ड बंद करणे, आयएमईआय रोखणे, किंवा हरवलेला फोन दुरून पुसून टाकणे, यांपैकी एकाही उपायाने स्थळप्रतीला स्पर्श होत नाही. ते उपाय फोनपुरते आहेत. इतकेच नव्हे, तर आयएमईआय रोखलेला फोन मोबाइलच्या जाळ्यावर चालत नसला, तरी वायफायवर चालू शकतो. आणि त्यात खाते उघडे असेल, तर तो पूर्वीप्रमाणे प्रतही पाठवू शकतो.

आणखी एक बाब अशी, की ही प्रत एक नसून तीन असतात व त्या तीन निरनिराळ्या ठिकाणी असतात. पहिली, यंत्राची प्रत. हिच्यात लघुसंदेश, कॉलची नोंद, फोनची मांडणी व निरनिराळ्या ॲपमधील काही माहिती असते. दुसरी, व्हॉट्सॲपची प्रत. हिच्यात संभाषणे व त्यांतून आलेली चित्रे असतात. तिसरी, गुगल फोटोज या ॲपमधील छायाचित्रे. एक प्रत पुसली म्हणजे तिन्ही गेल्या, अशी समजूत पुष्कळांची असते आणि नेमकी तेथेच चूक होते.

आपोआप जाते ते आणि न जाणारे

‘फोन वापरात नसला की काही दिवसांनी बॅकअप आपोआप निघून जातो,’ असे काही जण सांगतात. यात अर्धे सत्य आहे. यंत्र ५७ दिवस वापरात नसेल, तर गुगल त्या यंत्राची प्रत काढून टाकू शकते, असा त्या कंपनीचा नियम आहे. कासूच्या उदाहरणात १४ जुलैपासून ५७ दिवस मोजले, तर ९ सप्टेंबर ही तारीख येते. परंतु हा नियम गुगल फोटोजमधील छायाचित्रांना लागू नाही. म्हणजे ज्या ६४ चित्रांची खरी काळजी, ती ९ सप्टेंबरनंतरही तेथेच राहणार. शिवाय, ज्याला फोन सापडला त्याने तो मध्येच चालू केला व खाते उघडेच असले, तर ५७ दिवसांची मोजणीही निरुपयोगी ठरते. सबब, आपोआप जाण्याची वाट पाहू नये.

क्रम चुकला तर काय होते

प्रत पुसण्याची घाई करणारे दोन प्रकारे फसतात. कोणी नवा फोन येण्यापूर्वीच बॅकअप पुसतात. मग जुने संदेश व नोंदी कायमच्या जातात, कारण पुसलेली यंत्रप्रत परत मिळण्याची सोय नाही. कोणी हरवलेल्या फोनचा खात्याशी असलेला संबंध न तोडता बॅकअप पुसतात. मग तो फोन दुसऱ्या दिवशी वायफायला जोडला गेला, की नवी प्रत तयार होते व केलेला खटाटोप वाया जातो. म्हणून क्रम असा असावा: प्रथम फोन कुलूपबंद करणे व पुसणे, नंतर जे हवे ते नव्या फोनवर आणणे, त्यानंतर जुन्या फोनचा संबंध तोडणे, आणि शेवटी तिन्ही प्रती पुसणे.

पायरी पहिली : दुरून कुलूप व पुसणे

फोन हरवल्याबरोबर दुसऱ्या कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर `google.com/android/find` हा पत्ता उघडावा व आपल्या खात्याने प्रवेश करावा. तेथे फोन कोठे आहे ते दिसण्याचा संभव असतो. मिळण्याची आशा असेल तोपर्यंत केवळ कुलूप लावावे. आशा संपली, म्हणजे पुसण्याचा आदेश द्यावा. फोन त्या वेळी बंद असेल, तर तो पुढे जाळ्यावर आल्यावर आदेशाची अंमलबजावणी होते.

येथे दोन मर्यादा ध्यानी ठेवाव्यात. एकदा फोन पुसला गेला, की त्याचा ठावठिकाणा या मार्गाने पुन्हा मिळत नाही. आणि फोनमध्ये निराळे मेमरी कार्ड घातलेले असेल, तर ते या आदेशाने पुसले जाईलच असे नाही. गुरुजींनी छायाचित्रे कार्डावर साठविली असती, तर ती अडचण या उपायाने सुटली नसती.

खात्यात प्रवेश करताना एक अडथळा पुष्कळदा येतो. खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असते आणि ‘आपल्या फोनवर आलेली सूचना मान्य करा’ असे पडद्यावर येते. तो फोन तर हरवलेला असतो. अशा वेळी पडताळणीचा दुसरा मार्ग निवडून लघुसंदेशाने अंक मागवावेत. त्यासाठी त्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड हाती असावे लागते. म्हणून जुना क्रमांक सोडून न देता त्याचेच दुसरे सिम घेणे हितावह होय. आयएमईआय रोखण्याचा अर्ज करतानाही ते उपयोगी पडते.

पायरी दुसरी : हवे ते परत आणणे

नवा फोन प्रथम सुरू करताना जुन्या बॅकअपमधून माहिती आणावयाची काय, अशी विचारणा होते. तेव्हा जुन्या फोनच्या कुलपाचा अंक किंवा नमुना विचारला जातो, कारण प्रतीचा काही भाग त्या कुलपानेच बंदिस्त केलेला असतो. तो विसरला असल्यास तेवढा भाग उघडत नाही. व्हॉट्सॲपची संभाषणे परत आणण्यासाठी तोच दूरध्वनी क्रमांक व तेच गुगल खाते असावे लागते. आणि परत आणण्याचा प्रश्न व्हॉट्सॲप प्रथम सुरू करतानाच विचारला जातो. तेथे ‘नंतर पाहू’ म्हणून पुढे जाऊ नये.

पालकांचे क्रमांक बहुधा गुगलच्या संपर्कयादीत स्वतंत्रपणे राहतात. ते बॅकअप पुसल्याने जात नाहीत. तथापि पुसण्यापूर्वी ते नव्या फोनवर दिसतात ना, याची खात्री करून घ्यावी.

पायरी तिसरी : संबंध तोडणे

आता `myaccount.google.com/device-activity` हा पत्ता उघडावा. आपले खाते ज्या ज्या यंत्रांवर उघडे आहे, त्यांची यादी तेथे दिसते. हरवलेल्या फोनचे नाव निवडून `Sign out` करावे व त्यानंतर खात्याचा पासवर्डही बदलावा. ही पायरी पुसण्याच्या आदेशानंतर ठेवण्याचे कारण असे, की खात्याशी संबंध तुटलेल्या फोनपर्यंत आदेश पोहोचण्याची वाटच बंद होते. म्हणून आदेश अमलात आला का, हे आधी पाहावे. फोनला कुलूप होते व तो अद्याप जाळ्यावर आला नाही, तर काही दिवस थांबण्यास हरकत नाही. परंतु फोनला कुलूपच नव्हते आणि दुरून लावलेले कुलूपही लागले नाही, तर थांबू नये. सापडणाऱ्यास सर्व खाते उघडे सापडण्यापेक्षा, पुसण्याची आशा सोडून संबंध तोडणे बरे.

पायरी चौथी : तीन प्रती पुसणे

यंत्राची प्रत प्रथम घ्यावी. शाळेतील संगणकावर `drive.google.com/drive/backups` हा पत्ता उघडला, की बॅकअपांची यादी येते. प्रत्येक नोंदीसमोर यंत्राचे नाव व शेवटची प्रत कधी झाली ती तारीख असते. गुरुजींनी पूर्वीच्याच बनावटीचा नवा फोन घेतला होता, त्यामुळे दोन नोंदींची नावे सारखीच दिसली. अशा वेळी तारखेवरून ओळखावे. १४ जुलै किंवा त्यापूर्वीची तारीख असलेली नोंद जुन्या फोनची, आणि त्यानंतरची नव्या फोनची. जुन्या नोंदीवर उजवी कळ दाबून `Delete backup` निवडावे. १४ जुलैनंतरची तारीख दोन्ही नोंदींवर दिसली, तर हरवलेला फोन कोणीतरी चालू केला आहे व तो अजून खात्याशी जोडलेला आहे, असे समजून तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

व्हॉट्सॲपची प्रत याच यादीत असते व ती त्याच रीतीने पुसता येते. परंतु येथे एक बारकावा आहे. गुरुजींनी नव्या फोनवर सर्व संभाषणे परत आणली होती. त्यांत पालकांनी पाठविलेली आधारपत्रांची चित्रेही आली. आता जुनी प्रत पुसली, तरी त्याच रात्री नवा फोन तीच चित्रे घालून नवी प्रत तयार करणार! म्हणून प्रथम नव्या फोनवरील संभाषणांतून ती चित्रे काढून टाकावीत, मग जुनी प्रत पुसावी, आणि नंतर व्हॉट्सॲपच्या `Settings`, `Chats`, `Chat backup` या मार्गाने जाऊन स्वच्छ प्रत स्वतः करून घ्यावी. तेथेच संपूर्ण कूटबद्ध प्रतीचा पर्याय आहे. व्हॉट्सॲपने तो २०२१ पासून दिला आहे, परंतु तो आपोआप लागू होत नाही. स्वतः लावावा लागतो. त्याचा पासवर्ड मात्र विसरू नये, कारण तो विसरल्यास प्रत कोणालाही उघडता येत नाही.

छायाचित्रांची प्रत शेवटी घ्यावी. `photos.google.com` येथे जाऊन ज्या आठवड्यात कागदपत्रे टिपली त्या तारखांपर्यंत मागे जावे व ती निवडून काढून टाकावीत. येथे काढलेले चित्र त्याच खात्याशी जोडलेल्या नव्या फोनवरूनही जाते. घरची चित्रे चुकून निवडली गेली नाहीत ना, हे पाहूनच पुढे जावे. काढलेली चित्रे लगेच नष्ट होत नाहीत. ती `Bin` नावाच्या टोपलीत ६० दिवस राहतात. काही पडद्यांवर तिला `Trash` असे नाव असते. गुरुजींनी २० ऑगस्टला चित्रे काढली असे धरले, तर टोपली न रिकामी करता ती १९ ऑक्टोबरपर्यंत तेथे पडून राहिली असती. म्हणून टोपली उघडून ती त्याच वेळी रिकामी करावी.

हे सर्व शाळेच्या किंवा दुकानातील संगणकावर केले असल्यास उठण्यापूर्वी त्यावरील आपले खातेही बंद करावे. अन्यथा एक वाट बंद करून दुसरी उघडी ठेवल्यासारखे होईल.

पुसले म्हणजे केव्हा नाहीसे होते?

पडद्यावरून नोंद गेली, की ती आपल्याला व खात्यात शिरणाऱ्या इतरांना दिसत नाही. परंतु कंपनीच्या संगणकांवरून ती त्याच क्षणी नाहीशी होते असे नाही. गुगलच्या प्रकट धोरणानुसार, पुसलेली माहिती त्यांच्या यंत्रणेतून पूर्णपणे जाण्यास साधारणतः दोन महिने लागतात, आणि आपत्तीसाठी राखलेल्या त्यांच्या कूटबद्ध संग्रहात ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. हा विलंब वापरणाऱ्यास टाळता येत नाही. म्हणूनच पुसण्याचे काम लौकर केलेले बरे. कालगणना त्या दिवसापासून सुरू होते.

काम झाले की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. आठ दिवसांनी तेच तीन पत्ते पुन्हा उघडावेत. यंत्रांच्या यादीत जुन्या फोनवर खाते उघडे असल्याचे दिसू नये. बॅकअपांच्या यादीत केवळ नव्या फोनची व नव्या व्हॉट्सॲपप्रतीची नोंद असावी. आणि छायाचित्रांची टोपली रिकामी असावी. जुन्या यंत्राचे नाव नव्या तारखेने पुन्हा आलेले दिसले, तर संबंध तुटलेला नाही, हे निश्चित.

हाताबाहेरचे

प्रती पुसल्या तरी काही गोष्टी शिल्लक राहतात. गुरुजींनी त्या ६४ चित्रांपैकी काही दुसऱ्या शिक्षकास किंवा एखाद्या गटावर पाठविली असतील, तर ती ज्यांच्या ज्यांच्या फोनवर गेली, तेथे व त्यांच्या त्यांच्या बॅकअपमध्ये आहेत. त्यांना विनंती करूनच ती काढवून घ्यावी लागतील. तसेच फोन कुलपाविना गेला असेल, तर चित्रे आधीच पाहिली गेली असण्याचा संभव धरून चालले पाहिजे. अशा प्रसंगी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, आणि कोणत्या मुलांची कोणती कागदपत्रे त्यात होती हे त्या पालकांना सांगावे. आधारधारकास आपले बायोमेट्रिक्स स्वतः रोखून ठेवता येतात व बँकेला खात्यावर लक्ष ठेवण्यास सांगता येते. परंतु पालकांना कळलेच नाही, तर त्यांना हे करता येणार नाही.

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, आणि ज्या हेतूसाठी माहिती घेतली तो संपल्यावर ती पुसावी हे तत्त्व त्यात घातले आहे. कासूच्या गुरुजींचा हेतू केव्हा संपला? मुलांची नोंद संकेतस्थळावर भरली गेली त्या दिवशी. ती नोंद ७ जुलै रोजी पूर्ण झाली होती. त्या सायंकाळी ती ६४ चित्रे फोनमधून व टोपलीतून काढली असती, तर १४ जुलै रोजी गाडीत हरवला तो केवळ एक फोन असता, आणि पुढच्या चार पायऱ्या त्यांना स्वतःच्या माहितीपुरत्याच चढाव्या लागल्या असत्या.